एका गटाला तीन खातेदार, एका खातेदाराला तीन गट

शेतजमिनीशी थोडाफार संबंध असलेल्या घरात दोन कागद हमखास सापडतात: सातबारा आणि आठ-अ. सातबाऱ्याच्या वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, एक गट घेऊन त्यात कोणाकोणाची नावं आहेत ते लिहिलेलं असतं. आठ-अ उलट्या बाजूने येतो. तिथे एक खातं घेतात आणि त्या गावात त्या खात्यावर कोणकोणते गट आहेत ते एकाखाली एक मांडतात. माहिती तीच, फक्त वाचायची दिशा वेगळी. एका गटात अनेक खातेदार असू शकतात आणि एका खातेदाराचे अनेक गट असू शकतात, म्हणून एकाच दिशेने लिहिलेला कागद सगळ्या प्रश्नांना पुरत नाही.

हीच माहिती संगणकावर घ्यायला बसलं की, कागदावर कधी न होणारी एक चूक होते. डेटाबेस शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपासून अनुभवी माणसांपर्यंत अनेकांच्या हातून ती होते, आणि बऱ्याचदा पहिले काही महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. ती कशी होते, कशी ओळखायची आणि झालीच तर दुरुस्त कशी करायची, हे एका छोट्या उदाहरणातून पाहू.

आकृती काय सांगते

डेटाबेस बांधण्यापूर्वी त्याचा आराखडा काढतात. त्याला ईआर डायग्राम म्हणतात. ज्यांची माहिती साठवायची त्या गोष्टी चौकटीत लिहायच्या आणि त्यांच्यातलं नातं रेषेने दाखवायचं, एवढीच त्यामागची कल्पना. पीटर चेन यांनी १९७६ साली एका शोधनिबंधात ही पद्धत मांडली. त्याच्या सहा वर्षं आधी, १९७० मध्ये, एडगर कॉड यांनी माहिती टेबलांमध्ये ठेवण्याचा सिद्धांत मांडला होता. आजही आराखडा काढताना चेन यांची पद्धत वापरतात आणि प्रत्यक्ष साठवण कॉड यांच्या टेबलांत होते. आपली अडचण या दोघांच्या मधल्या पायरीवर आहे.

रेषेच्या प्रत्येक टोकाला 'एक' की 'अनेक' हे लिहावं लागतं. याला कार्डिनॅलिटी म्हणतात. गाव आणि गट यांच्या रेषेवर गावाच्या टोकाला एक आणि गटाच्या टोकाला अनेक, कारण गावात गट अनेक असले तरी एक गट एकाच गावात असतो. हे वन टू मेनी नातं. खातेदार आणि गट यांच्या रेषेवर मात्र दोन्ही टोकांना अनेक लिहावं लागतं. हे मेनी टू मेनी.

आकृतीत मेनी टू मेनी काढायला काहीच अडचण नसते. अडचण टेबलात येते. टेबलाच्या एका ओळीतल्या एका रकान्यात एकच किंमत बसते. वन टू मेनी त्यात सहज मावतं: गटाच्या ओळीत गावाचा क्रमांक लिहिला की काम झालं. पण गटाच्या ओळीत खातेदाराचा क्रमांक लिहायचा, तर तीन खातेदारांपैकी कोणाचा लिहिणार? आणि खातेदाराच्या ओळीत गटाचा लिहायचा, तर तीन गटांपैकी कोणता?

सोसायटीचं उदाहरण

समजा, एका गावातल्या विकास सोसायटीला पीककर्जासाठी सभासदांच्या जमिनीची नोंद संगणकावर ठेवायची आहे. उदाहरण सोपं राहावं म्हणून एकच गाव, तीन गट आणि एकाच घरातली तीन भावंडं घेऊ. नावांऐवजी नातीच वापरू: थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि बहीण. गट ११२ चं क्षेत्र १२० आर, गट १४० चं ९० आर आणि गट ८७ चं ६० आर. एकूण २७० आर, म्हणजे २ हेक्टर ७० आर. गट ११२ वडिलोपार्जित आहे आणि तिघांचा त्यात सारखा हिस्सा आहे. गट १४० दोन्ही भावांनी मिळून निम्मानिम्मा घेतला. गट ८७ थोरल्याचा एकट्याचा.

आकृती काढणाऱ्याने पहिला सातबारा नेमका गट ८७ चा पाहिला, तर त्याच्या मनात सरळ चित्र उभं राहतं: खातेदार एक, त्याचे गट अनेक. मग तो वन टू मेनी रेषा काढतो आणि गटाच्या टेबलात खातेदाराचा एक रकाना ठेवतो. नमुन्यादाखल पाहिलेली माहिती अपुरी असली की कार्डिनॅलिटी चुकते, आणि बहुतेक चुकांचं मूळ इथेच असतं. जे समोर दिसलं त्यालाच त्याने नियम मानलेलं असतं.

ही चूक टाळायची साधी रीत म्हणजे प्रत्येक रेषा दोन्ही दिशांनी पूर्ण वाक्यात वाचायची. 'एका खातेदाराच्या नावावर जास्तीत जास्त किती गट असू शकतात?' आणि 'एका गटात जास्तीत जास्त किती खातेदार असू शकतात?' दोन्ही प्रश्नांत 'असू शकतात' असं म्हणायचं, 'आहेत' असं नाही. आणि उत्तर घ्यायचं ते तलाठ्याकडून किंवा सोसायटीच्या सचिवाकडून, म्हणजे ज्याने शेकडो सातबारे पाहिलेत अशा माणसाकडून. दोन्ही उत्तरं 'अनेक' आली की नातं मेनी टू मेनी आहे, आज भरलेली माहिती काहीही दाखवत असो.

ठिगळं

चुकीची आकृती घेऊन काम सुरू झालं की गट ११२ ची नोंद करताना अडतं. या टप्प्यावर आराखडा बदलायला कोणी तयार नसतं, म्हणून ठिगळ लावलं जातं. ही ठिगळं साधारण तीन प्रकारची असतात, आणि कुठल्याही जुन्या डेटाबेसमध्ये ती दिसली की समजावं, इथे एक मेनी टू मेनी दडलेलं आहे.

पहिलं ठिगळ म्हणजे रकाने वाढवणं: `khatedar1`, `khatedar2`, `khatedar3`. गट ११२ यात बसतो. पण चौथा वारस आला की टेबलाची रचनाच बदलावी लागते, आणि गावाकडच्या सातबाऱ्यावर दहा-बारा नावं असणं काही नवलाचं नाही. शिवाय थोरल्याचे गट शोधायचे तर तिन्ही रकाने तपासावे लागतात, कारण तो कोणत्या गटात कितव्या रकान्यात पडला असेल याचा नेम नाही.

दुसरं ठिगळ म्हणजे एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन सगळ्यांचे क्रमांक लिहिणं: `1,2,3`. दिसायला हे सुटसुटीत वाटतं. पण खातेदार क्रमांक १ चे गट काढायला त्या मजकुरात `1` शोधलं की ११, २१ आणि १०५ या खातेदारांचे गटही यादीत येतात. त्यातलं वाईट असं की डेटाबेसच्या दृष्टीने तो नुसता मजकूर असतो. अस्तित्वातच नसलेल्या खातेदाराचा क्रमांक त्यात लिहिला, तरी डेटाबेस हरकत घेत नाही.

तिसरं ठिगळ सर्वांत फसवं. गट ११२ ची ओळच तीनदा लिहायची, प्रत्येक खातेदारासाठी एकदा. मग प्रत्येक ओळीत १२० आर हे क्षेत्र पुन्हा पुन्हा येतं. पुढे मोजणीत क्षेत्र ११८ आर निघालं आणि तीनपैकी दोनच ओळी सुधारल्या, तर एकाच गटाची दोन क्षेत्रं होतात. त्यातलं खरं कोणतं, हे नुसतं टेबल पाहून कोणीही सांगू शकत नाही.

तिन्ही ठिगळांत आणखी एक गोष्ट राहूनच जाते, ती म्हणजे हिस्सा. थोरल्याचा एक तृतीयांश हिस्सा कुठे लिहायचा? खातेदाराच्या ओळीत लिहिला तर चूक, कारण गट १४० मध्ये त्याचाच हिस्सा निम्मा आहे. गटाच्या ओळीतही तो लिहिता येत नाही, कारण एका गटात वेगवेगळ्या माणसांचे हिस्से वेगवेगळे असू शकतात. हिस्सा एकट्या माणसाचाही नसतो आणि एकट्या गटाचाही नसतो. तो 'हा माणूस या गटात' या जोडीचा असतो. चेन यांच्या १९७६ च्या निबंधातलं उदाहरणही याच जातीचं आहे. कर्मचाऱ्याचा किती टक्के वेळ एखाद्या प्रकल्पासाठी जातो, ही माहिती त्यांनी कर्मचाऱ्याला किंवा प्रकल्पाला न जोडता दोघांमधल्या नात्याला जोडली होती. एखादी माहिती दोन्ही चौकटींपैकी कुठेच नीट बसत नसेल, तर मधे तिसरी चौकट हवी आहे, असं खुशाल समजावं.

मधलं टेबल

ही तिसरी चौकट म्हणजे जंक्शन टेबल. त्यातली प्रत्येक ओळ एका जोडीची. आपण त्याला धारणा म्हणू, कारण कोणत्या खातेदाराने कोणता गट किती हिश्शाने धारण केला आहे, हे त्यात लिहायचं आहे.

```sql
CREATE TABLE dharana (
  gat_no      INTEGER NOT NULL REFERENCES gat(gat_no),
  khatedar_id INTEGER NOT NULL REFERENCES khatedar(khatedar_id),
  ansh        INTEGER CHECK (ansh > 0),
  chhed       INTEGER CHECK (chhed > 0),
  ferfar_no   INTEGER,
  PRIMARY KEY (gat_no, khatedar_id)
);
```

पहिले दोन रकाने म्हणजे जोडीची दोन टोकं. `REFERENCES` लिहिल्यामुळे अस्तित्वात नसलेला गट किंवा खातेदार इथे लिहिता येत नाही. स्वल्पविरामाच्या यादीत जे जमत नव्हतं ते इथे आपोआप होतं. शेवटच्या रकान्यात, ज्या फेरफाराने हे नाव लागलं त्याचा क्रमांक आहे.

हिश्शासाठी दशांश न वापरता अंश आणि छेद असे दोन पूर्णांक मुद्दाम घेतले आहेत. एक तृतीयांश ०.३३ असा लिहिला तर तिघांची बेरीज ०.९९ होते आणि गट ११२ मधला एक आर वीस चौरस मीटर तुकडा कोणाच्याच नावावर उरत नाही. १ आणि ३ असे अलग लिहिले की काहीच हरवत नाही.

आता तीन भावंडांची माहिती सहा ओळींत मावते:

| गट | खातेदार | हिस्सा |
|---|---|---|
| ११२ | थोरला | १/३ |
| ११२ | धाकटा | १/३ |
| ११२ | बहीण | १/३ |
| १४० | थोरला | १/२ |
| १४० | धाकटा | १/२ |
| ८७ | थोरला | १/१ |

गटाच्या टेबलात तीनच ओळी राहिल्या, खातेदाराच्या टेबलातही तीनच. १२० आर हे क्षेत्र संपूर्ण डेटाबेसमध्ये एकदाच लिहिलेलं आहे. हे टेबल गटाच्या अंगाने वाचलं की सातबाऱ्यावरची नावं मिळतात, खातेदाराच्या अंगाने वाचलं की आठ-अ मिळतो. चौथा वारस आला तर रचनेला हात न लावता एक ओळ वाढवायची.

आकृती दुरुस्त करताना एक गफलत वारंवार होते. मेनी टू मेनी रेषा मोडून तिच्या जागी दोन वन टू मेनी रेषा येतात, पण त्यांची 'अनेक' ही टोकं चुकीच्या बाजूला पडतात. जुन्या रेषेवर गट आणि खातेदार या दोन्ही टोकांना 'अनेक' होतं, म्हणून हात सवयीने तिथेच 'अनेक' काढतो आणि धारणेकडे 'एक'. व्हायला हवं नेमकं उलट. एका गटाच्या धारणा अनेक, पण एका धारणेत गट एकच. एका खातेदाराच्या धारणा अनेक, पण एका धारणेत खातेदार एकच. म्हणजे दोन्ही 'अनेक' धारणेच्या बाजूला येतात. इथेही तोच उपाय: रेषा दोन्ही दिशांनी वाक्यात वाचून पाहायची. 'एका धारणेत अनेक गट' हे वाक्य वाचतानाच खटकतं.

सहाशे आर कुठून आले

रचना बरोबर झाली म्हणजे हिशेबही बरोबर येईल असं नाही. सोसायटीला गावातलं एकूण क्षेत्र हवं आहे. कोणीतरी गटाचं टेबल धारणेला जोडतं आणि क्षेत्राची बेरीज करतं. उत्तर येतं ६०० आर. प्रत्यक्षात जमीन २७० आर आहे.

झालं काय, तर जोडणी केल्यावर गट ११२ तीन ओळींत आला आणि १२० तीनदा मोजले गेले, म्हणजे ३६०. गट १४० दोनदा आला, म्हणजे १८०. गट ८७ एकदाच, म्हणजे ६०. सगळं मिळून ६००. जंक्शन टेबलाशी जोडून केलेल्या बेरजेत ही चूक कायम दबा धरून असते, आणि फसवी यासाठी की संगणक कुठलाही दोष दाखवत नाही. ती पकडण्यासाठी ज्याचं उत्तर बाहेरून माहीत आहे असा एखादा आकडा ताडून पाहावा लागतो. गावाचं एकूण क्षेत्र त्यासाठी उत्तम. डेटाबेसने गावाला आहे त्यापेक्षा जास्त जमीन दिली, तर ओळी दुप्पट-तिप्पट मोजल्या जात आहेत.

एकूण क्षेत्रच हवं असेल तर धारणेला हात न लावता नुसत्या गटाच्या टेबलाची बेरीज करायची. प्रत्येक खातेदाराचं क्षेत्र हवं असेल, तर क्षेत्राला हिश्शाने गुणून मग बेरीज करायची:

```sql
SELECT d.khatedar_id,
       SUM(g.kshetra * d.ansh * 1.0 / d.chhed) AS aar
FROM dharana d JOIN gat g ON g.gat_no = d.gat_no
GROUP BY d.khatedar_id;
```

थोरल्याचे ४० अधिक ४५ अधिक ६०, म्हणजे १४५ आर. धाकट्याचे ४० अधिक ४५, म्हणजे ८५. बहिणीचे ४०. तिघांची बेरीज २७०, म्हणजे मूळ क्षेत्राएवढीच. सोसायटीसाठी हा फरक कागदावरचा नाही. पीककर्जाची मर्यादा क्षेत्रावर ठरते. हिस्सा न धरता मोजलं असतं तर थोरल्याच्या नावावर १२० अधिक ९० अधिक ६०, म्हणजे सगळेच २७० आर लागले असते, आणि त्याच जमिनीतल्या बाकीच्या दोघांनाही ती जमीन पुन्हा मोजून मिळाली असती.

जुनी माहिती हलवताना

कोऱ्या पाटीवर आकृती सुधारणं सोपं. वर्षभर चाललेल्या डेटाबेसमध्ये `khatedar1` ते `khatedar3` हे रकाने भरलेले असतील, तर जास्त जपून जावं लागतं.

आधी खातेदारांची एकच पक्की यादी करायची. रकान्यांत नावं लिहिलेली असतील तर एकाच माणसाचं नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल: कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. उलट, आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे एकाच घरात दोन माणसांचं नाव अगदी सारखं असू शकतं. म्हणून फक्त नाव जुळतं म्हणून दोन नोंदी एक करायच्या नाहीत. खाते क्रमांक किंवा फेरफार पाहून, माणसाकडून खात्री करूनच एक करायच्या. या कामाला रचना बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

मग धारणेचं टेबल बनवायचं आणि प्रत्येक जुन्या रकान्यातून ओळी त्यात ओतायच्या. ओतण्यापूर्वी तिन्ही रकान्यांत मिळून किती भरलेल्या जागा आहेत ते मोजून ठेवायचं. आपल्या उदाहरणात त्या सहा आहेत, म्हणून नव्या टेबलातही सहाच ओळी यायला हव्यात. एखाद्या गटात तोच माणूस चुकून दोन रकान्यांत लिहिला असेल, तर प्रायमरी की दुसरी ओळ घेणार नाही. तो नकार म्हणजे जुन्या माहितीतली सापडलेली चूक. तिची नोंद करून ठेवायची.

हिश्शापाशी मात्र काम थांबतं, कारण जुन्या रचनेने ही माहिती कधी विचारलीच नव्हती. तीन नावं आहेत म्हणून प्रत्येकी एक तृतीयांश, असं ठोकून देण्याचा मोह होतो. गट ११२ साठी ते खरंही निघेल. पण एखाद्या गटात एक मुलगा आणि मयत मुलाची दोन नातवंडं असतील, तर नावं तीन आणि हिस्से निम्मा, पाव, पाव असू शकतात. सामाईकातल्या जमिनीत प्रत्येकाचा हिस्सा सातबाऱ्यावर लिहिलेला असतोच असंही नाही. म्हणून वरच्या टेबलात अंश आणि छेद रिकामे ठेवण्याची मुभा दिली आहे. कळला नाही तोवर हिस्सा रिकामा राहू द्यायचा. रिकामी जागा शोधता येते, पण अंदाजाने भरलेला आकडा खऱ्या आकड्यांत मिसळून जातो.

कोणत्या गटांचे हिस्से पूर्ण एक होत नाहीत, हे डेटाबेस प्रत्येक ओळ घेताना स्वतःहून तपासत नाही. `CHECK` एका वेळी एकच ओळ पाहतो, तीन ओळींची बेरीज त्याला दिसत नाही. त्यासाठी ही तपासणी मधूनमधून चालवावी लागते:

```sql
SELECT g.gat_no
FROM gat g LEFT JOIN dharana d ON d.gat_no = g.gat_no
GROUP BY g.gat_no
HAVING ABS(COALESCE(SUM(1.0 * d.ansh / d.chhed), 0) - 1) > 0.0001;
```

`LEFT JOIN` मुळे ज्यांना एकही खातेदार लागलेला नाही असे गटही यादीत येतात. यादी रिकामी आली आणि ओळींची मोजदाद जुळली, की मगच जुने तीन रकाने काढून टाकायचे. त्याआधी नाही. आणि काढायला विसरायचंही नाही, नाहीतर काही लोक जुन्या जागी नोंद करत राहतात आणि काही नव्या, आणि दोन्ही ठिकाणची माहिती हळूहळू वेगळी होत जाते.

तीच जोडी पुन्हा आली तर

वरच्या टेबलाची प्रायमरी की गट आणि खातेदार या दोघांची मिळून आहे. पुष्कळ जण त्याऐवजी प्रत्येक ओळीला नुसता अनुक्रमांक देतात. ते चालतं, पण मग जोडीवर वेगळं `UNIQUE` बंधन घालावं लागतं. ते राहिलं तर थोरल्याची गट ११२ मधली ओळ दोनदा लिहिली जाते आणि दोन्ही वेळा अनुक्रमांक वेगळा असल्याने कोणाला शंकाही येत नाही.

पण कधी कधी तीच जोडी पुन्हा येणं खरंच बरोबर असतं. बहिणीने थोरल्या भावाच्या नावे हक्कसोडपत्र केलं. आता गट ११२ मध्ये थोरल्याला आणखी एक तृतीयांश मिळाला. नवी ओळ लिहायला गेलं तर डेटाबेस नकार देतो, कारण ११२ आणि थोरला ही जोडी आधीच आहे. इथे ठरवावं लागतं की हे टेबल आजची स्थिती सांगणार की इतिहासही.

नुसती आजची स्थिती हवी असेल, तर बहिणीची ओळ काढायची आणि थोरल्याची १/३ ची २/३ करायची. सोसायटीच्या कर्जवाटपाला एवढं पुरू शकतं. इतिहास हवा असेल तर कागदी सातबारा काय करतो ते पाहावं. तिथे जुनं नाव खोडून टाकत नाहीत. त्याला कंस करतात आणि फेरफाराचा क्रमांक देतात. टेबलातही तसंच करता येतं: फेरफार क्रमांक प्रायमरी कीमध्ये घ्यायचा, आणि ज्या फेरफाराने नाव कमी झालं त्यासाठी आणखी एक रकाना ठेवायचा. तो रिकामा असेल तर नोंद चालू आहे, भरलेला असेल तर तिला कंस झाला आहे. याची किंमतही आहे. यापुढे प्रत्येक बेरजेत 'फक्त चालू नोंदी' ही अट घालावी लागते. एका ठिकाणी ती विसरली की बहिणीचा हिस्सा एकदा तिच्या आणि एकदा भावाच्या नावावर मोजला जातो, आणि गावाचं क्षेत्र पुन्हा फुगतं.

प्रत्यक्ष महसुली दफ्तरात याहून एक पदर जास्त असतो. एका खात्यावर अनेक नावं असतात आणि एक माणूस एकापेक्षा जास्त खात्यांवर असू शकतो. म्हणजे खाते आणि खातेदार यांच्यातही मेनी टू मेनी आहे, आणि गट आणि खाते यांच्यातही. तिथे एक नाही, दोन जंक्शन टेबलं लागतात, आणि हिस्सा त्यातल्या कोणत्या टेबलात जाणार, हे आधी ठरवावं लागतं.

म्हणून सरसकट प्रत्येक रेषेवर जंक्शन टेबल घालणं हाही उपाय नाही. गाव आणि गट यांच्यामध्ये ते घातलं, तर एक गट दोन गावांत लिहिण्याची वाट उगाच मोकळी होते, आणि साधा रकाना जी चूक होऊच देत नव्हता ती होऊ लागते. सातबाऱ्याच्या खालच्या भागातली, म्हणजे गाव नमुना बारामधली पीकपाहणी मात्र पुन्हा मेनी टू मेनीच आहे. एका गटात अनेक पिकं, एक पीक अनेक गटांत. तिथल्या जंक्शन टेबलाच्या कीमध्ये गट आणि पीक एवढं धरून भागत नाही, कारण यंदाच्या खरिपात घेतलेलं सोयाबीन त्याच गटात पुढच्या खरिपातही येतं. वर्ष आणि हंगाम कीमध्ये घेतले नाहीत, तर डेटाबेस दुसऱ्या वर्षीची पहिलीच नोंद परत पाठवतो.